एका ओळीतले आठ लाख

भाच्याने रेझ्युमे आणला तो दोन पानांचा, रंगीत प्रिंट काढलेला. डिझाइनमधली चार वर्षं, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यातली. "मामा, तुम्ही रोज मुलाखती घेता, जरा बघून द्या," म्हणाला. रविवारची सकाळ होती, चहा झाला होता. मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं.

पहिल्याच पानावर कॅड सॉफ्टवेअरचे निळे पट्टे. कॅटिया नव्वद टक्के, क्रिओ ऐंशी, सॉलिडवर्क्स पंच्याऐंशी. "राहिलेलं दहा टक्के कॅटिया कुठलं रे, जे तुला येत नाही?" हसला, पण उत्तर नव्हतं. सगळ्यांचे रेझ्युमे असेच असतात आणि आम्ही कोणी ते पट्टे वाचत नाही. मी मुलाखतीत एकच प्रश्न विचारतो, तोच त्यालाही विचारला. कव्हरच्या बोल्ट होलचा पीसीडी शंभरचा एकशे चार केला, तर मॉडेलमध्ये काय मोडेल?

यावर तो सावरून बसला. केसिंग आणि कव्हर दोन्हींचे होल त्याने एकाच स्केलेटनवरून घेतले होते, त्यामुळे तिथे आकडा बदलला की दोन्ही पार्ट एकदमच बदलतात. मोडला असता तो बाहेरच्या कडेचा फिलेट, कारण होलच्या बॉसमुळे त्याला जागाच उरत नाही. म्हणून बॉस आणि फ्लँजचा व्यास त्याने पीसीडीला बांधून ठेवला होता. हे सगळं तोंडी सांगताना तो एकदाही अडखळला नाही, पण कागदावर त्याचा मागमूस नव्हता. तीन पट्टे खोडून मी लिहायला सांगितलं: 'कॅटियामध्ये स्केलेटनवर आधारित पंप असेंब्ली, पार्ट अमुक इतके, ड्रॉइंग रिलीजपर्यंत.' बाकीची दोन सॉफ्टवेअर खाली एका ओळीत.

मग आली ती ओळ, जाड ठशात: 'टॉलरन्स ऑप्टिमायझेशनद्वारे वार्षिक ८ लाखांची बचत.'

अशा ओळीवर मुलाखत घेणारा थांबतोच आणि उमेदवार बहुतेक वेळा तिथेच घसरतो. मी म्हटलं, काय केलंस ते मला ड्रॉइंग असल्यासारखं सांग. त्याने पाठकोऱ्या कागदावर कव्हर काढलं: ॲल्युमिनियमचं, मध्ये बेअरिंगचं बोअर, कडेने एम८ बोल्टचे सहा होल. जुन्या ड्रॉइंगवर त्या होलना ०.१ मिलिमीटरची पोझिशन टॉलरन्स होती. म्हणजे प्रत्येक होलचं केंद्र ०.१ व्यासाच्या वर्तुळात पडलंच पाहिजे. त्यामुळे होल व्हीएमसीवर पाडायचे, सीएमएमवर तपासायचे. इतकं कडक का, हे कोणालाच माहीत नव्हतं. आधीच्या कुठल्यातरी ड्रॉइंगवरून उचललेला आकडा. आमच्या धंद्यात असे आकडे वाडवडिलांच्या भांड्यांसारखे पुढे चालत येतात.

याने विचार केला तो असा. कव्हर जागेवर बसतं ते ८० मिलिमीटरच्या स्पिगॉटवर, एच७-जी६ फिटमध्ये. बेअरिंग आणि शाफ्टचं केंद्र तोच राखतो. बोल्ट फक्त दाबून धरतात. मग बोल्टच्या होलकडून एवढंच हवं की बोल्ट आत गेला पाहिजे. होल ९चा, बोल्ट ८चा, मोकळीक १ मिलिमीटर. बोल्ट केसिंगच्या आट्यांत अडकलेला असल्याने ही मोकळीक दोन पार्टना वाटून द्यावी लागते: अर्धा मिलिमीटर कव्हरच्या होलला, अर्धा केसिंगच्या टॅप्ड होलला. म्हणजे दोन्हीकडे ०.१चे ०.५ झाले तरी कागदावर सगळं जुळतं. होल व्हीएमसीवरून उतरले आणि ड्रिल जिग लावून मल्टिस्पिंडलवर गेले. तपासणी सीएमएमऐवजी पिनच्या गेजने. व्हीएमसीची दोन मिनिटं वाचली, मिनिटाला दहा रुपयांचा दर धरला, नगामागे वीस रुपये. वर्षाला चाळीस हजार नग. आठ लाख.

गणित बरोबर होतं. मी विचारलं, "व्हेंडरने भाव किती कमी केला?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "अकरा रुपये."

हेच तर. मिनिटं वाचतात ती व्हेंडरच्या मशीनवर. आपल्या कंपनीच्या वहीत बचत पडते ती परचेस ऑर्डरवरचा भाव उतरल्यावर. उरलेले नऊ रुपये व्हेंडरने ठेवले, आणि त्यात मला गैर वाटत नाही, कारण जिग त्याने स्वतःच्या खर्चाने केलं होतं. तेव्हा चाळीस हजार गुणिले अकरा, चार लाख चाळीस हजार. त्यातून दोन गेजचे आणि चाचणीच्या नगांचे मिळून साठ हजार एकदाचे गेले. पहिल्या वर्षाची खरी बचत तीन लाख ऐंशी हजार. "मामा, निम्म्याहून कमी झाली!" त्याचा चेहरा उतरला. मी सांगितलं, आठ लाख म्हणणारे मला आठवड्याला चार भेटतात. परचेस ऑर्डरवरचा आकडा सांगणारा अजून यायचाय.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. टॉलरन्स पाचपट सैल केली आणि काहीच बिघडलं नाही? खोदून विचारल्यावर निघालं. चाचणीच्या चाळीस सेटपैकी तीन सेटमध्ये बोल्ट हाताने दोन-तीन आटे सहज फिरला आणि मग अडकला. आट्यांचं गेज पास, होलची पोझिशन पास, दोन्ही पार्ट ड्रॉइंगप्रमाणे. क्वालिटीवाले म्हणाले बोल्टच खराब. याने बोल्ट बदलून पाहिले, तरी तेच. मग केसिंगच्या टॅप्ड होलमध्ये लांब थ्रेडेड पिन घातली आणि काटकोन लावून पाहिलं, तर पिन किंचित कललेली. पोझिशन मोजली जात होती केसिंगच्या फेसवर आणि त्याच्या आत. तिथे अक्ष ०.५च्या वर्तुळात होता. पण कव्हरची फ्लँज १४ मिलिमीटर जाड. तेवढी उंची चढेपर्यंत कललेला बोल्ट बाहेर झुकायचा आणि कव्हरच्या होलच्या भिंतीला घासायचा. पूर्वी ०.१मध्ये कलायला वावच नव्हता, म्हणून हे कधी दिसलं नाही.

उपाय ड्रॉइंगवरच होता. टॅप्ड होलच्या टॉलरन्सला प्रोजेक्टेड झोन लावला, १४ मिलिमीटरचा. म्हणजे ०.५ची मर्यादा केसिंगच्या आतल्या होलला नाही, तर फेसच्या वर जिथे कव्हर बसतं त्या उंचीला लागू. व्हेंडरने टॅपिंगच्या जिगमध्ये बुश लांब केले. पुढच्या चाचणीत एकही बोल्ट अडकला नाही.

"हे रेझ्युमेत का नाही?"

"चूक होती ना ती. चूक कशी लिहायची?"

चार वर्षांत त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम त्याने लाजेने वगळलं होतं.

दुसऱ्या पानावर 'कन्सेप्ट ते उत्पादन' असं सरसकट लिहिलेलं होतं. त्यावर फार वेळ गेला नाही. तो प्रकल्पात आला तेव्हा दुसरा प्रोटोटाइप उभा होता. डीएफएमईएच्या बैठकांना तो बसला, हायड्रो टेस्ट दुसऱ्यांनी केली, पीपॅपची ड्रॉइंग त्याची. मग तसंच लिही: दुसऱ्या प्रोटोपासून पीपॅपपर्यंत. सोबत त्याने ड्रॉइंगचे स्क्रीनशॉट जोडले होते, कंपनीच्या टायटल ब्लॉकसकट. ते मी त्याच्यासमोरच फाडले. आजच्या मालकाचं ड्रॉइंग मला दाखवणारा उद्या माझं दुसऱ्याला दाखवेल, एवढंच माझ्या मनात येणार.

शेवटी ती जाड ओळ अशी झाली: 'पंप कव्हरच्या बोल्ट होलची पोझिशन टॉलरन्स ०.१ वरून ०.५, टॅप्ड होलना १४ मिमी प्रोजेक्टेड झोन, चाचणीत अडकलेल्या बोल्टचं कारण शोधून दुरुस्ती. भाव नगामागे ११ रुपयांनी कमी, वार्षिक ४०,००० नग.' गुणाकार वाचणाऱ्याने करावा.

भाच्याने ओळ दोनदा वाचली. मग फोन काढून परचेसमधल्या मित्राला मेसेज टाकला, भाव नक्की अकराच उतरला होता की साडेदहा.