हप्ता लहान की मुदत लहान?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने व्याजाचा हिशोब मांडावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण गेल्या दिवाळीत मी जळगावहून धुळ्याला घरी गेलो, तेव्हा आमच्याकडे हाच विषय चालला होता. देवपुरात दोन खोल्यांचे घर घ्यायचे होते आणि त्यासाठी १० लाखांचे कर्ज लागणार होते. व्याज ९ टक्के, बदलत्या दराचे. आप्पांना २० वर्षांची मुदत हवी होती, कारण तिचा हप्ता सर्वांत हलका, म्हणजे महिना ८,९९७ रुपये पडत होता. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून कागद माझ्या हाती आला.

मी १५ वर्षांचा हप्ता काढला. तो आला १०,१४३ रुपये. म्हणजे महिन्याला फक्त १,१४६ रुपये जास्त. पण २० वर्षांत एकूण व्याज सुमारे ११ लाख ५९ हजार होते आणि १५ वर्षांत ८ लाख २६ हजार. एवढ्या थोड्या रकमेने सव्वातीन लाखांहून अधिक कसे वाचतात, हे मलाही आधी कळेना.

उत्तर पहिल्याच हप्त्यात आहे. १० लाखांवर एका महिन्याचे व्याज ७,५०० रुपये होते. ८,९९७ मधून ते वजा केले की मुद्दल फिटते केवळ १,४९७ रुपये. १०,१४३ मधून मात्र २,६४३ रुपये फिटतात. वाढीव रकमेतला एक पैसाही व्याजात जात नाही. मुद्दल लवकर घटते आणि पुढच्या महिन्याचे व्याजही घटते.

मी जिंकल्याच्या थाटात हे सांगितले. आई शांतपणे म्हणाली, "आणि एखाद्या महिन्यात कोणी आजारी पडलं तर? तुझी फी भरायची असली तर?" माझ्या कागदावर त्याला जागा नव्हती. ठरलेला मोठा हप्ता चुकला की दंड लागतो आणि बँकेतली पतही बिघडते.

शेवटी आम्ही मुदत २० वर्षांचीच घेतली आणि जमेल त्या महिन्यात १,१४६ रुपये वेगळे मुद्दलात भरायचे ठरवले. दर महिन्याला भरले आणि दर तोच राहिला, तर कर्ज १५ वर्षांतच फिटते. घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर अशा मुदतपूर्व भरण्याला दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र ही रक्कम मुद्दलात जमा करून मुदत कमी करा, हप्ता नव्हे, असे बँकेला लेखी द्यावे आणि खातेउताऱ्यावर मुद्दल घटले का, ते पाहावे.

या वाटेत धोका एकच. सक्ती नसली की पैसे खर्चून जातात. म्हणून आप्पा पगाराच्या दिवशीच ती रक्कम भरतात. माझ्या परीक्षेच्या फीच्या महिन्यात मात्र ती भरली नाही. तो महिना मी विसरणार नाही.