एकच आकडा, दोन आलेख

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम यांनी 1973 मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार आलेख मांडले. चारही आलेखांत पिअर्सनचा सहसंबंध 0.82 येतो. त्यांतले दोन पाहू.

एका आलेखात दहा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आहेत, अकरावा मात्र एकटाच खूप वर. पिअर्सन प्रत्यक्ष अंतरं मोजतो, त्यामुळे हा एकच ठिपका आकडा खाली ओढतो. स्पिअरमन फक्त क्रम पाहतो. इथे दोनच ठिपक्यांचे क्रम अदलाबदल होतात आणि उत्तर 0.99 येतं. इथे क्रमसहसंबंध योग्य.

दुसऱ्या आलेखात ठिपके कमानीसारखे चढतात आणि शेवटी उतरतात. स्पिअरमन 0.69 देतो, पण तोही अपुराच. वक्र सतत चढता किंवा सतत उतरता असेल तरच क्रमसहसंबंध कामाचा.

म्हणून मजकुरात नुसतं ‘घनिष्ठ संबंध’ लिहू नये. ‘11पर्यंत वाढ, पुढे घट’ किंवा ‘एक ठिपका वेगळा, तो वगळल्यास सहसंबंध जवळपास 1’ असं लिहावं. आधी आलेख काढा, मग गुणांक निवडा.