टॅग भरमसाट, तरी व्हिडिओ सापडेना

धान कापून झालं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदियात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडशात, म्हणजे देसाईगंजात, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथे तारखा ठरतात आणि मग एखाद्या गावात शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग रंगतो. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हल्ली या प्रयोगांना कॉलेजची पोरंही मोबाइल घेऊन हजर असतात. कंपनीला विचारून एखादा प्रवेश टिपतात, रात्रीच यूट्यूबवर चढवतात, आणि तो पाहतात फक्त वर्गातले मित्र.

असं का होतं, या प्रश्नापासूनच विद्यार्थ्यांसाठीच्या मेटाडेटा कार्यशाळेची सुरुवात व्हायला हवी. कारण यावरची उत्तरं पोरांकडे तयार असतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

पहिलं उत्तर म्हणजे ‘टॅग कमी पडले’. मग टॅगच्या रकान्यात वाघ, ताडोबा, लावणी, क्रिकेट, एखादा गाजलेला सिनेमा असं जे सुचेल ते कोंबलं जातं. या रकान्याला ५०० अक्षरांची मर्यादा आहे आणि ती काठोकाठ भरली की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात यूट्यूबच्या मदत पानावरच लिहिलेलं आहे, की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो. शीर्षक, मुखचित्र आणि वर्णन यांना त्याहून कितीतरी जास्त वजन असतं. हॅशटॅगचंही तसंच. एका व्हिडिओवर ६० पेक्षा जास्त झाले, तर यूट्यूब ते सगळेच दुर्लक्षित करतं.

मग टॅग कशासाठी ठेवले आहेत? लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात, त्या शब्दासाठी. आणि इथे झाडीपट्टीच्या पोरांना आयता फायदा आहे. पुण्यात नोकरीला गेलेला ब्रह्मपुरीचा माणूस रात्री नाटक शोधायला बसतो तेव्हा कोणी झाडीपट्टी असं देवनागरीत लिहितो, तर कोणी zadipatti, कोणी jhadipatti, कोणी zhadipatti. शीर्षकात ही चारही रूपं घातली तर ते वाचवणार नाही. टॅगमध्ये मात्र ती शोभतात आणि तिथे खोटंही काही नसतं.

दुसरा समज जास्त चिवट आहे: शीर्षक खोटं असलं तरी चालतं, क्लिक मिळाली म्हणजे झालं. समजा, विनोदी प्रवेशाला ‘नाटकात घडला भयंकर प्रकार’ असं शीर्षक दिलं. क्लिक वाढतीलही. पण यूट्यूब नुसती क्लिक मोजून थांबत नाही. आलेला माणूस किती वेळ टिकला, त्याचं समाधान झालं का, हेही पाहतं. भयंकर प्रकार पाहायला आलेला माणूस अर्ध्या मिनिटात निघून गेला, की पुढच्या प्रेक्षकाला हा व्हिडिओ सुचवण्याचं कारण कमी होतं. यूट्यूब स्टुडिओत हे डोळ्यांनी दिसतं. क्लिकचं प्रमाण चढलेलं असतं आणि प्रेक्षक टिकल्याचा आलेख पहिल्या तीस सेकंदांतच खाली कोसळलेला असतो. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर आधी शीर्षक आणि मुखचित्रावर संशय घ्यावा. सुरुवातीचं लांबलचक बोलणं किंवा फाटका आवाज हेही कारण असू शकतं, म्हणून तेही तपासावं.

शिवाय फसवं शीर्षक आणि वर्णन नियमात बसत नाही, त्यासाठी व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतीत टोकाच्या फसव्या शीर्षकांवर भारतात कारवाई वाढवणार असल्याचं यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं.

तर मग त्याच प्रवेशाचं प्रामाणिक शीर्षक कसं असेल? नाटकाचं नाव आधी, मग ‘झाडीपट्टी नाटक’, मग प्रवेश कशाचा ते दोन-तीन शब्दांत, आणि शेवटी गाव. शीर्षकाला शंभर अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर शेवटचा भाग कापला जातो, म्हणून महत्त्वाचं ते डावीकडे. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत कंपनीचं नाव, प्रयोगाची तारीख, गाव-तालुका-जिल्हा आणि मुख्य कलाकार. त्या कलाकाराचं नाव शोधणारा प्रत्येक जण इथूनच आत येऊ शकतो. व्हिडिओची भाषा ‘मराठी’ निवडायची, बरेच जण तो रकाना उघडतच नाहीत.

इथे एक खास आपल्याकडची भानगड होते. नाटकाची पत्रकं डीटीपीवाल्याकडे बहुतेकदा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली असतात. त्या फाइलमधून मजकूर उचलून वर्णनात चिकटवला, की ‘मराठी’ऐवजी ejkBh असं काहीतरी उमटतं. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं; फॉन्ट गेला की सोंग उतरतं. सर्च इंजिनला तर ती कधी मराठी वाटतच नाहीत. मजकूर एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर मोबाइलवर सरळ नव्याने टाइप करावा.

व्हिडिओसारखंच फोटोंचंही आहे, पण तिथे गावाचं नाव हीच मोठी मेख आहे. ‘मार्कंडा’ एवढंच लिहिलं तर वैनगंगेकाठचं मंदिरही समजता येतं आणि नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीसमोर असलेला मार्कंड्या किल्लाही शोधात येतो. ‘नवेगाव’ म्हणजे ताडोबाचं प्रवेशद्वार की गोंदियातलं राष्ट्रीय उद्यान? ‘मार्कंडा, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली’ असं लिहिलं की शंका मिटते. मंदिराच्या फोटोला नेमके अक्षांश-रेखांशही जरूर द्यावेत. विकिमीडिया कॉमन्सवर तर त्यांच्यामुळेच तो फोटो नकाशावरून सापडतो.

वाघाच्या फोटोला मात्र ते देऊ नयेत. प्रामाणिक मेटाडेटा म्हणजे सगळं उघड करणं, हा तिसरा गैरसमज जंगलाच्या जिल्ह्यांत महागात पडू शकतो. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात आणि पाणवठ्याचा किंवा गुहेचा पत्ता शिकाऱ्याच्या हाती लागू शकतो. निसर्गनोंदींच्या आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्राण्यांचं ठिकाण आपोआप झाकलं जातं; सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच लोकांना दिसतं. तोच नियम हाताने पाळावा: ‘ताडोबा, मोहर्ली बफर’ आणि महिना. हे खरंही आहे आणि शोधणाऱ्याला पुरेसंही. लपवलेलं ठिकाण म्हणजे खोटं ठिकाण नव्हे. दुसऱ्या जंगलातला किंवा प्राणिसंग्रहालयातला वाघ ताडोबाचा म्हणून खपवणं हे खोटं.

व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला तर ही आतली माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. म्हणून मित्राने पाठवलेल्या फोटोत छायाचित्रकाराचं नाव नाही, याचा अर्थ तो कुणाचाच नाही असा होत नाही. स्वतःचं नाव फाइलमध्ये घालायचं असेल तर संगणकावर फोटो-संपादकातल्या आयपीटीसी रकान्यांत निर्माता, श्रेय आणि स्वामित्वहक्क भरावं. ते रकाने शाबूत राहिले, तर गूगल इमेजेस २०१८ पासून निर्मात्याचं नाव आणि श्रेय दाखवतं.

आता मर्यादा. एखादं नाटक कोणी शोधतच नसेल, तर सर्वोत्तम शीर्षकही प्रेक्षक निर्माण करू शकत नाही. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठून आले या भागात ‘यूट्यूब शोध’ उघडला, की लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात. तिथे नाटकाऐवजी कलाकाराचं नाव वारंवार येत असेल, तर पुढच्या व्हिडिओत ते शीर्षकात पुढे आणावं. जुन्याचंही शीर्षक बदलता येतं, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग तीन-चार आठवडे आकडे पाहावेत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.