‘दादा, हे वाजवायला शिकव ना!’ फोटोतलं नोटेशन कसं वाचायचं?

परवा मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. कीबोर्ड नवा, नोटेशन आयुष्यात कधी वाचलेलं नाही. फोटोत पाच रेघा आणि ठिपके होते, पण डावी कड कापली गेली होती. मी आधी दुसरा फोटो मागवला, कारण खरी माहिती त्या कडेलाच असते.

नव्या फोटोत डावीकडे वेटोळ्यासारखं मोठं चिन्ह दिसलं. हा ट्रेबल क्लेफ. त्याचं वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं आणि त्या रेघेवरचा ठिपका म्हणजे ‘जी’, आपल्या पेटीवाल्यांची पांढरी पाच. कीबोर्डच्या मधोमध तीन काळ्या पट्ट्यांचा गट शोधा. त्यातल्या पहिल्या दोन काळ्यांच्या मधली पांढरी पट्टी ती हीच. आता इथून मोजत जा. रेघेवरून वरच्या फटीत गेलात की एक पांढरी पट्टी उजवीकडे, खालच्या फटीत गेलात की एक डावीकडे.

क्लेफनंतर सगळ्यात वरच्या रेघेवर एकच # होता. ही ‘एफ’ची रेघ. म्हणजे कागदावर कुठेही, कितीही खाली ‘एफ’ आला, तरी त्याच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी दाबायची. हे चिन्ह प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच असतं, ठिपक्यांपाशी पुन्हा काढत नाहीत. कड कापली की हे कळायला मार्गच नाही.

पहिल्या घरात जी, ए, बी. दुसऱ्यात एफ आणि जी. या गाण्यात जी हाच सा, म्हणून मी तिला लिहून पाठवलं: सा रे ग, मग खालचा नी आणि सा. काळीऐवजी पांढरी दाबली तर कोमल नी वाजतो. सरगम शिकलेल्या कानाला ते लगेच खटकतं.

# च्या पुढे 3 वर आणि 4 खाली होता, म्हणजे प्रत्येक घरात तीन मात्रा. काळा, दांडीवाला ठिपका एक मात्रा, पोकळ ठिपका दोन. तिसऱ्या घरात एकटाच पोकळ ठिपका दिसत होता. मग तिसरी मात्रा कुठे गेली? (गाण्याचं पहिलं घर कधी कधी मुद्दाम अपुरं असतं, पण मधलं नसतं.) पोकळ ठिपक्याच्या उजवीकडे एक बारीक टिंब असणार, त्याने दोनाच्या तीन मात्रा होतात. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, त्यात असं टिंब सहज पुसलं जातं.

तिला म्हटलं, खिडकीपाशी कागद ठेव, बरोबर वरून फोटो काढ आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तिसऱ्या फोटोत टिंब होतं.