दूध बुडाला लागले, करपट वास आला... आता ते वाचवता येते का?

कोजागरीच्या रात्री नंदुरबार, शहादा, तळोद्यातल्या गल्ल्यांमध्ये आणि गच्च्यांवर दुधाची पातेली चढतात. एरवी घरात एक-दोन लिटर दूध तापवणाऱ्यांच्या हाती त्या रात्री एकदम दहा-पंधरा लिटर दूध येते. भट्टी भाड्याची, पातेले मंडपवाल्याचे आणि गप्पांच्या नादात ढवळायची पाळी नेमकी कोणाची, हे ठरलेले नसते. मग कोणीतरी झाकण उघडते आणि पहिला प्रश्न येतो : ‘कसला वास येतोय?’

त्यानंतर जो तो सल्ला देतो. विड्याची पाने टाका, वेलची वाढवा, चिमूटभर मीठ घाला, जोरात ढवळा. यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे. का, ते समजण्यासाठी आधी पातेल्याच्या तळाशी काय चालते ते पाहावे लागेल.

तळाशी नेमके काय होते?

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिने, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि कॅल्शियमसारखे क्षार असतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने जास्त, त्यामुळे ते तळाला धरण्याची शक्यताही जास्त.

दूध सुमारे ७० अंशांच्या पुढे गेले की दह्याच्या निवळीत असतात ती प्रथिने उलगडू लागतात आणि गरम धातूला चिकटतात. त्यांच्यासोबत कॅल्शियमचे क्षार बसतात. हा पहिला थर पांढुरका, मऊ आणि निरुपद्रवी असतो. मात्र तो उष्णता अडवतो. वरचे दूध उकळत असले तरी ते शंभर अंशांच्या आसपासच राहते, कारण त्यात पाणी आहे. थराच्या आतले पाणी मात्र निघून जाते आणि खालून आच सुरूच असते. तिथले तापमान शंभराच्या बरेच वर चढते. लॅक्टोज आणि प्रथिने यांची अभिक्रिया होऊन थर आधी बदामी, मग तपकिरी आणि शेवटी काळा पडतो.

बदामी टप्प्यावर थांबले तर ती खरवड. भांड्याला लागलेली ही खरवड चमच्याने काढून खाण्यासाठी घराघरांत मुलांची भांडणे होतात. वास आणि कडवटपणा येतो तो पुढच्या, काळ्या टप्प्यातून. म्हणजे हवीहवीशी खरवड आणि फेकून द्यायचे दूध यांत फरक काही मिनिटांचाच असतो.

वाचवता येते का?

थोडक्यात उत्तर असे : वास नुकताच येऊ लागला असेल आणि तळ कोणी खरवडला नसेल, तर बरेचसे दूध वाचते. काळे कण दुधात मिसळले असतील आणि जिभेला कडू लागत असेल, तर ते दूध पूर्ववत करण्याचा घरगुती उपाय नाही.

वास येताच आच बंद करावी आणि पातेले लगेच भट्टीवरून खाली घ्यावे. नुसता गॅस बंद करून भागत नाही, कारण तापलेली भट्टी आणि जाड बूड आणखी काही मिनिटे थराला भाजत राहतात. पळी, डाव, उलथणे, काहीही दुधात घालू नये. काळा थर जोवर तळाला चिकटून आहे, तोवर त्यातला थोडाच अंश वरच्या दुधात उतरलेला असतो. एकदा तो खरवडला की हजारो बारीक कण सगळ्या दुधात पसरतात आणि प्रत्येक कण गरम दुधात आपला कडवटपणा सोडत राहतो.

त्यानंतर दूध दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढायचे. पातेले तिरपे करून ओतले तर तळ हलतो, म्हणून मोठे पातेले असेल तर वरून तांब्याने किंवा मोठ्या डावाने अलगद काढलेले बरे. तळाचे दूध तसेच सोडावे. किती? पातेल्याचे बूड ३० सेंटिमीटर रुंद असेल, तर दर एक सेंटिमीटर उंचीला सुमारे ७०० मिलिलिटर दूध असते. बोटभर थर सोडायचा म्हणजे साधारण एक लिटर दुधावर पाणी सोडायचे. दहा लिटरमधला एक लिटर जीवावर येतो, पण तो वाचवायच्या नादात उरलेले नऊ जातात.

काढलेले दूध पातळ सुती कापडातून गाळावे. गाळण्याने कण जातात, वास जात नाही, कारण वासाचे रेणू दुधात, विशेषतः स्निग्धांशात विरघळलेले असतात. म्हणून आता खरी परीक्षा. वाटीभर दूध घेऊन पूर्ण गार करावे आणि चाखावे. नाक एव्हाना त्या वासाला सरावलेले असते, त्यामुळे इतका वेळ भट्टीपासून लांब असलेल्या माणसाला चाखायला द्यावे. गार दूध कडू लागले नाही आणि फक्त मंद भाजका वास असेल, तर वेलची, जायफळ, केशर उपयोगी पडतात. तेही तो वास काढून टाकत नाहीत, झाकतात. विड्याच्या पानाचेही तेच. पानाला स्वतःचा उग्र गंध आहे, तो करपट वासावर मात करतो. मिठाची चिमूट कडवटपणा थोडा दबवते, एवढेच. गार दुधातून वास कमी उडतो, त्यामुळे असे मसाला दूध गरम देण्यापेक्षा थंड करून दिलेले चांगले.

एक चूक मात्र हमखास होते. ‘आता याची बासुंदी करू’ असे कोणीतरी सुचवते. बासुंदी किंवा खवा करताना पाणी उडते. कडवटपणा आणि स्निग्धांशात मुरलेला वास मागे उरतो आणि कमी दुधात एकवटतो. दही लावले तर ते लागते, कारण विरजणाला लागणारे लॅक्टोज शिल्लक असते, पण वास दह्यातही येतो. पनीर केल्यास वासाचा काही अंश निवळीबरोबर निघून जातो, तरी स्निग्धांशातला राहतोच. त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे आले-गवती चहा घातलेला कडक चहा.

दोनशे ग्लासांचा नव्हे, दहा लिटरचा हिशेब

समजा, दहा लिटर दूध ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायचे आहे. त्यासाठी सुमारे २,७०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच दूध आटवून साडेसात लिटर करायचे, म्हणजे अडीच लिटर पाणी उडवायचे, तर साडेपाच हजारांहून अधिक किलोज्यूल लागतात. म्हणजे उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता तळातून जाते, त्याच्या दुप्पट नंतर जाते. तीही दूध दाट होत असताना. गंमत अशी की उकळी येईपर्यंत सगळे पातेल्याभोवती डोळ्यांत तेल घालून उभे असतात आणि उकळी आली की पांगतात.

ही उष्णता टाळता येत नाही. पण ती किती जागेतून आणि किती वेळात आत शिरते, हे आपल्या हातात आहे. उंच, अरुंद पातेल्यापेक्षा रुंद बुडाचे घ्यावे. पातळ स्टीलचे भांडे टाळावे. स्टील उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या कितीतरी मागे आहे, त्यामुळे ज्वाळा लागते तिथे चटका देणारे ठिपके तयार होतात. दूध तेवढ्या जागेतच धरते. स्टीलच वापरायचे तर जाड बुडाचे, मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेले. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चुलीवर दूध तापते, तिथे भडकलेली लाकडे मागे ओढून निखाऱ्यांवर पातेले ठेवण्याची रीत याच कारणाने चांगली आहे. चुलीचा धूर वरून लागून येणारा धुरकट वास वेगळा. तो झाकण ठेवून टळतो. बुडाच्या करपटपणाला झाकणाचा उपयोग नाही.

दूध ओतण्याआधी पातेले पाण्याने विसळून, तळाला थोडे पाणी ठेवण्याची सवय बरोबर आहे. कोरड्या, तापलेल्या धातूवर दूध पडले की प्रथिने तत्काळ चिकटतात. पण हे पाणी लगेच दुधात मिसळते, म्हणून त्याचा आधार पहिल्या काही मिनिटांपुरताच. त्यानंतर काम ढवळण्याचे. गोल डाव दूध फिरवतो, तळ सोडून देतो. सपाट कडेचे लाकडी उलथणे घेऊन ते बुडाला टेकवून, कडेपासून मध्यापर्यंत न्यावे. उलथणे गुळगुळीत सरकत असेल तर ठीक. तळ खरखरीत लागला किंवा उलथण्याला पांढरे पापुद्रे आले तर आच लगेच अर्धी करावी. या टप्प्यावर खरवडणे योग्य, कारण थर अजून पांढरा आहे. पापुद्रे तपकिरी दिसले की उलथणे बाहेर आणि पातेले खाली.

साखर शेवटी घालावी. आधी घातलेली साखर न विरघळता तळाशी बसते आणि तिथेच जळते. बदाम-पिस्त्याची पूडही थेट न टाकता वाटीभर दुधात कालवून घालावी.

ताजे दूधही का लागते?

कधी कधी सगळे नीट करूनही दूध धरते. तेव्हा संशय दुधावर घ्यावा. दूध किंचित आंबू लागले की प्रथिने लवकर चिकटतात. असे दूध अजून फाटत नाही, चवीलाही कळत नाही, पण बुडाला लागते. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळचे दूध बाहेर राहिले आणि त्यात संध्याकाळचे ताजे मिसळले, तर हे सहज घडते. दोन्ही दुधे वेगवेगळी ठेवून आधी प्रत्येकाचे चमचाभर उकळून पाहावे. चमच्यात कण दिसले तर ते दूध मोठ्या पातेल्यात नको. आंबटपणा मारायला सोडा घालणे हा उपाय नाही. सोड्याने दूध उलट लवकर तांबूस होते आणि विक्रीच्या दुधात तो घालणे ही भेसळ ठरते.

घरच्या एक-दोन लिटरसाठी शिट्टीचा दुधाचा कुकर सर्वांत निर्धोक. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी असते आणि पाणी असेपर्यंत भिंत शंभर अंशांपुढे जात नाही. पाणी आटले की तोही साधे पातेलेच. तोरणमाळसारख्या, हजार मीटरहून उंच ठिकाणी पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तिथे उघड्या पातेल्यातले दूध कमी जळेल असे वाटू शकते. तसे होत नाही. चिकटलेल्या थराचे तापमान ठरवते ती खालची आच.

राहिले ते काळे पातेले. ते तारेच्या घासणीने ओरखडले तर पुढचे दूध त्याच ओरखड्यांत धरते. रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, मग स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे. जळालेली प्रथिने अल्कधर्मी पाण्यात सुटतात. दूध डेअरीत यंत्रे धुतानाही आधी कॉस्टिक आणि नंतर क्षार काढायला आम्ल वापरतात, ते याच तत्त्वावर. ॲल्युमिनियमचे पातेले असेल तर सोडा उकळू नये, धातू काळवंडतो. त्याला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि लाकडी उलथणे पुरते. मंडपवाल्याकडून आणलेल्या पातेल्याच्या तळावरून दूध ओतण्याआधी एकदा बोट फिरवून पाहावे. खरखरीत लागले तर दुसरे मागावे.