पाऊण औंसाचा घोळ

बेंगळुरूच्या इंदिरानगरात किंवा चर्च स्ट्रीटवर एखाद्या कॉकटेल बारच्या काउंटरला बसलं, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बारटेंडर बाटलीतून थेट ग्लासात काही ओतत नाही. जिन असो, लिंबाचा रस असो की साखरेचं सिरप, सगळं आधी डमरूच्या आकाराच्या स्टीलच्या मापातून जातं. हेच ते जिगर. दोन टोकांना दोन मापं असलेल्या या भांड्याचं पेटंट शिकागोच्या कॉर्नेलियस डंगन यांनी १८९३ मध्ये घेतलं.

आपल्याकडच्या कुठल्याही परमिट रूममध्ये दिसणारं ३० आणि ६० मिलीचं पेग मेजर दिसायला असंच असतं, पण त्याचं काम वेगळं. ते गिऱ्हाइकाला पैशाइतकी दारू मिळावी म्हणून असतं, म्हणून त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. व्हिस्की-सोड्यात व्हिस्की २ मिली कमी पडली तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं, चवीचं फारसं काही बिघडत नाही. कॉकटेलमध्ये मात्र आंबट आणि गोड एकमेकांच्या आधारानं उभे असतात. तिथे तेच २ मिली जिभेला कळतात.

ताज्या लिंबाचं गिमलेट घेऊ. अमेरिकी पुस्तकांत त्याची नेहमीची कृती अशी असते: जिन २ औंस, लिंबाचा रस पाऊण औंस, सिरप पाऊण औंस. अमेरिकी द्रव औंस २९.५७ मिलीचा, ब्रिटिश औंस २८.४१ मिलीचा. यातला कोणता धरायचा यावर लोक डोकं शिणवतात, पण खरं तर त्याची गरज नाही. कृतीतल्या सगळ्या आकड्यांना एकाच संख्येनं गुणलं, तर पेय थोडं लहान-मोठं होईल, पण प्रमाण तसूभरही हलणार नाही. म्हणून सरळ ३० नं गुणावं: ६०, २२.५, २२.५.

घोळ होतो तो याच्या पुढे. घरी असतं ३०-६० चं पेग मेजर, नाहीतर १५, २० आणि २५ च्या रेघा असलेलं जिगर. साडेबावीसची रेघ बहुतेक मापांवर नसते. मग माणूस प्रत्येक घटक आपापल्या सोयीनं जवळच्या आकड्यावर नेतो. समजा रस २० घेतला आणि सिरप २५. फरक अडीच-अडीच मिलीचा, म्हणजे अर्ध्या चमच्याचा. आता हिशेब पाहा.

लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल धरलं, तर २२.५ मिलीत १.३५ ग्रॅम आम्ल येतं. साखर आणि पाणी समान वजनानं घेऊन केलेल्या सिरपच्या प्रत्येक मिलीत ०.६१ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे २२.५ मिलीत पावणेचौदा ग्रॅम. मूळ पेयात साखर आम्लाच्या दहापटीहून जरा जास्त झाली. आपल्या २०-२५ च्या गिमलेटमध्ये आम्ल १.२ ग्रॅमवर उतरतं, साखर १५.३ ग्रॅमवर चढते आणि साखर होते आम्लाच्या पावणेतेरापट. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना गेल्यामुळे प्रमाण पाव हिश्शानं सरकलं. हे पेय पहिल्या घोटाला फारसं वाईट लागत नाही, कारण गारव्यात गोडी दबते. ग्लास हातात जरा कोमट झाला की ती वर येते आणि ओठ चिकट लागू लागतात. उलट चूक केली, म्हणजे रस २५ आणि सिरप २०, तर पहिल्याच घोटाला दात आंबतात.

आता रस आणि सिरप दोन्ही २० घेतले तर? जिनचा भाग वाढतो, पेय थोडं कडक होतं, पण आंबट-गोडाचा मेळ टिकतो. म्हणजे आकडे जुळवायचेच असतील तर आधी रस आणि सिरप ही जोडी सांभाळावी. दोन्ही एकाच बाजूला, सारख्याच प्रमाणात हलवावीत. जिन त्यानंतर.

त्याहून सोपी वाट म्हणजे आकडे न जुळवता सगळी कृतीच बदलून घ्यायची. दोन, पाऊण, पाऊण याला चारनं गुणलं की ८, ३, ३ मिळतात. आता ३० मिलीचा लहान पेगच एकक माना: जिनचे आठ पेग, रसाचे तीन, सिरपचे तीन. अर्धं माप नाही, रेघ नाही, अंदाज नाही आणि चार जणांची सोय एकदम झाली. हे सगळं जगमध्ये बर्फाशिवाय ढवळून ठेवावं आणि शेकरमध्ये एका वेळी एक-दोन ग्लासांपुरतंच घेऊन बर्फावर हलवावं. शेकर काठोकाठ भरला तर बर्फाला हलायला जागा उरत नाही आणि पेय नीट गार होत नाही. एकट्यासाठी हवं असेल तर १५ आणि २० च्या रेघा पुरतात: ४०, १५, १५. ग्लास थोडा लहान, प्रमाण तेच.

मापाच्या आकाराचाही प्रश्न असतो. शंकूच्या आकाराचं माप निम्म्या उंचीपर्यंत भरलं की निम्मं भरलं असं डोळ्यांना वाटतं. पूर्ण शंकूत निम्म्या उंचीवर मावतो फक्त आठवा हिस्सा, निम्म्यासाठी जवळजवळ ८० टक्के उंची गाठावी लागते. जिगरचा तळ टोकदार नसतो, म्हणून फरक एवढा पडत नाही, पण चूक त्याच दिशेची होते. त्यामुळे ३० च्या बाजूला नजरेनं १५ ओतायला जाऊ नये. रुंद तोंडाचा दुसरा तोटा असा की ४ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाशी पातळी २ मिलिमीटर खाली राहिली तरी अडीच मिली गेले. उंच, निमुळत्या जपानी घडणीच्या जिगरमध्ये तीच चूक कमी महागात पडते. कोणतंही माप अगदी काठापर्यंत भरायचं असतं की आतल्या रेघेपर्यंत, हे घरच्या वजनकाट्यावर तपासता येतं. पाणी भरून वजन करा, ३० मिली पाणी ३० ग्रॅमच भरेल. ही तपासणी पाण्यानंच करावी. तेवढंच सिरप सुमारे ३७ ग्रॅम भरतं आणि जिन २८ च्या आसपास.

मापानं सुटत नाहीत अशाही गोष्टी आहेत. अमेरिकी कृती पर्शियन लाइम गृहीत धरते. बेंगळुरूच्या बाजारातलं आपलं कागदी लिंबू, विजयपूरच्या इंडी तालुक्यातलं असो की आणखी कुठलं, सहसा त्याहून आंबट निघतं. भारतीय जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, अमेरिकी कृतीत अनेकदा ४० ची. सिरपऐवजी गुलाबजामचा एकतारी पाक वापरला तर तेवढ्याच मिलीत साखर कितीतरी जास्त जाते. जुन्या अमेरिकी पुस्तकांत ‘एक जिगर’ असं लिहिलेलं आढळलं, तर ते भांडं नसून दीड औंसाचं, म्हणजे ४५ मिलीचं माप समजावं. बिटर्सचे ‘डॅश’ मात्र मिलीत बदलू नयेत, तसेच बाटली झटकून टाकावेत.

म्हणून पहिला ग्लास कागदावरच्या प्रमाणात काटेकोर करावा आणि बर्फावर हलवून झाल्यावरच चाखावा. आंबट लागला तर पुढच्या वेळी फक्त सिरप अडीच मिलीनं वाढवावं, बाकी काही हलवू नये. एका वेळी एकाच घटकात बदल केला तर चवीतला फरक कशामुळे पडला हे कळतं. ओतण्याचं माप दर वेळी वेगळं असेल, तर दहा ग्लास करूनही ते कळायचं नाही.