निबंधाचा बँड कसा ठरतो?

आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत लेखनाचा दुसरा प्रश्न निबंधाचा असतो. त्यासाठी किमान 250 शब्दांची अपेक्षा असते. परीक्षक चार निकषांवर 0 ते 9 असे पूर्णांकी बँड देतो आणि चारही निकषांचे वजन सारखे असते. हे निकष म्हणजे प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीची सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. प्रत्येक बँडचे वर्णन जाहीर उपलब्ध असल्यामुळे निबंधाचा अंदाज घरीही बांधता येतो.

एक नमुना घेऊ. प्रश्न असा आहे: विद्यापीठीय शिक्षण मोफत असावे की विद्यार्थ्याने शुल्क भरावे? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्या. निबंधात मोफत शिक्षणाच्या बाजूने दोन भरघोस परिच्छेद आहेत. शुल्काची बाजू मात्र एका वाक्यात उरकली आहे आणि तिला एकही कारण दिलेले नाही. मत शेवटच्या ओळीत येते. प्रश्नाचा एक मुख्य भाग अपुरा राहिल्याने पहिल्या निकषावर 5 मिळतात. तीच बाजू कारणांसह, पण थोडक्यात मांडली असती, तर 6 मिळाले असते.

परिच्छेद नीट पाडले आहेत आणि विचार पुढे सरकतो. पण जवळपास प्रत्येक वाक्य ‘फर्दरमोअर’ किंवा ‘मोअरओव्हर’ने सुरू होते. जोडशब्दांचा असा यांत्रिक वापर 6च्या वर्णनात बसतो. 7साठी ते लवचिकपणे यावे लागतात, थोडाफार अतिवापर मात्र चालतो. शब्दसंपत्ती मात्र चांगली आहे. ‘ट्यूशन फीज’, ‘स्टुडंट डेट’ असे विषयाला नेमके बसणारे शब्दप्रयोग आहेत आणि स्पेलिंगच्या चुका तुरळक आहेत. येथे 7 योग्य ठरतात.

व्याकरण तपासताना निर्दोष वाक्ये मोजावीत. नमुन्यातील 16 वाक्यांपैकी 5च निर्दोष आहेत. संयुक्त-मिश्र वाक्ये आहेत, पण त्यांत ‘द’, ‘अ’ ही उपपदे गळतात आणि अनेकवचनी कर्त्यापुढे एकवचनी क्रियापद येते. तरीही अर्थ कुठे अडत नाही, म्हणून 6. निर्दोष वाक्ये वारंवार दिसली असती, तर 7चा विचार झाला असता.

5, 6, 7 आणि 6 यांची बेरीज 24, सरासरी 6. शुल्काच्या बाजूला कारण आणि उदाहरण देऊन भूमिका सुरुवातीपासून स्पष्ट ठेवली, तर पहिल्या निकषावर 7 मिळू शकतात. मग बेरीज 26 आणि सरासरी 6.5 होते. भारी शब्द शोधण्यापेक्षा प्रश्न पुन्हा वाचण्याने येथे अधिक साधले असते. लेखनाच्या एकूण बँडमध्ये निबंधाचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असते.

स्वतःचा निबंध तपासताना न लिहिलेला दुवाही मनात आपोआप जोडला जातो आणि बँड चढा धरला जातो. त्यामुळे प्रत्येक बँडसाठी निबंधातील एखादे वाक्य पुरावा म्हणून दाखवावे. पुरावा सापडला नाही, तर खालचा बँड धरावा.